जिवलग मैत्रिणीच्या रिसेप्शनला टोस्ट द्यायचाय. ७ मिनिटांचं ३ मिनिटांत कसं बसवू?

कोरा_कागद

मंडळी, मदत करा. माझ्या जिवलग मैत्रिणीचं लग्न आहे आणि रिसेप्शनला टोस्ट द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिला इथे मीरा म्हणू आणि नवऱ्याला ओंकार, नावं बदलली आहेत. सूत्रसंचालकाने बजावून ठेवलंय की ३ मिनिटं, त्यापुढे गेलात तर मी गाणं सुरू करीन. लिहिलेलं मोठ्याने वाचून पाहिलं तर ७ मिनिटं लागतात, तीही धापा टाकत.

आत्ता क्रम असा आहे. आधी माझी ओळख आणि "मला बोलायची सवय नाही, सांभाळून घ्या". मग "मीराबद्दल काय बोलू, शब्द अपुरे पडतील". मग ती किती प्रेमळ, हुशार, मनमिळाऊ, हट्टी वगैरे. मग होस्टेलचा गॅलरीचा किस्सा, जो आम्हा चौघींनाच माहीत आहे पण अफाट विनोदी आहे. मग "बरेच नमुने बघून झाले, तेव्हा कुठे ओंकार सापडला" हा विनोद. मग तिच्या पुस्तकांच्या कपाटाबद्दल दोन ओळी. मग सुखी संसारासाठी चार सल्ले (माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही, पण असो). शेवटी चारोळी.

यातलं काय काढू? मला सगळंच हवंय.

उनाड_पक्षी

सोप्पं आहे. सुरुवात दणदणीत विनोदाने कर, हॉल हसला की पुढचं आपोआप होतं. आणि आख्खं पाठ कर. कागद काढला की संपलं, शाळेतलं भाषण वाटतं. नमुन्यांचा विनोद भारी आहे, तो अजिबात काढू नकोस.

निवृत्त_पण_व्यस्त

सर्वप्रथम अभिनंदन. कुणाचं नाव राहून रुसवेफुगवे होऊ नयेत म्हणून आधी यादी करावी. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, लांबून आलेले पाहुणे, हॉलचे व्यवस्थापक, सजावटवाले, छायाचित्रकार, आणि शेवटी "ज्यांची नावं अनवधानाने राहिली असतील त्यांचेही आभार". मी आजवर अनेक समारंभांत हे काम केलं आहे. हवा असल्यास नमुना देतो.

कोरा_कागद

काका, धन्यवाद, पण आभारप्रदर्शन दुसरं कुणीतरी करतंय. मला फक्त मैत्रीण म्हणून दोन शब्द बोलून ग्लास उंचवायचाय.

निवृत्त_पण_व्यस्त

दोन शब्द असतील तर मग धागा कशाला काढलात? (गंमत केली, राग नसावा.)

वसुधा_क

बऱ्याच समारंभांचं सूत्रसंचालन केलंय, त्यामुळे त्या "गाणं सुरू करीन" म्हणणाऱ्याचं दुःख मला कळतं. टोस्ट लांबला की समोर काय होतं ते मंचावरून स्पष्ट दिसतं. आधी मागची टेबलं आपापसांत बोलायला लागतात. मग मधल्यांनी भरून धरलेले ग्लास खाली जातात. शेवटी फक्त नवरा-नवरी चेहऱ्यावर हसू ताणून बसलेले असतात.

तुझ्या यादीत एकच गोष्ट टोस्टची आहे आणि तिला तू सगळ्यात कमी जागा दिली आहेस. कपाट. त्या दोन ओळींत नेमकं काय आहे? बाकीचं जरा वेळ विसर आणि ते सविस्तर सांग. इथेच लिही, छान करून लिहू नकोस, जसं घडलं तसं.

कोरा_कागद

बरं. मीराने सुट्या भागांचं पुस्तकांचं कपाट मागवलं होतं. सोबतचा माहितीचा कागद तिने उघडलासुद्धा नाही, "यात वाचण्यासारखं काय असतं" म्हणाली. कपाट उभं राहिलं आणि ३ स्क्रू उरले. मी विचारलं, तर म्हणे कंपनीवाले जादा देतात. कपाट डावीकडे कललेलं. मग तिने जाडजूड शब्दकोश उजवीकडच्या टोकाला रचले, तोल साधायला, आणि ते ३ स्क्रू एका वाटीत घालून वरच्या फळीवर ठेवून दिले. पुढची २ वर्षं त्या कपाटाबद्दल कुणी काही बोललं की ती म्हणायची, कपाट सरळ आहे, भिंत तिरकी आहे.

ओंकार पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने कपाट बघितलं, वाटी बघितली, काहीच बोलला नाही. पुढच्या वेळी आला तेव्हा खिशात पेचकस होता. म्हणाला, "भिंतीचं काही करता येत नाही, पण हे बघूया का?" आणि मीरा, जिने माझ्याकडे आयुष्यात कधी चूक कबूल केलेली नाही, ती म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं काहीतरी राहिलंय."

वसुधा_क

अगं, हाच तुझा टोस्ट आहे! बाकी सगळं टाकून दे.

असं का म्हणते ते सांगते. जिवलग मित्र-मैत्रिणींचे टोस्ट बहुतेक एकाच जागी फसतात. ९ भाग आपल्या माणसाबद्दल असतो आणि १ भाग जोडीदाराबद्दल, तोही "आणि ओंकार, तिची काळजी घे" एवढाच. ओंकारकडचा अर्धा हॉल मग परक्याच्या घरी आल्यासारखा बसून राहतो. तुझ्या गोष्टीत ओंकार आपल्या पायाने चालत येतो, त्याला ओढून आणावं लागत नाही. शिवाय तुझ्या विशेषणांतलं "हट्टी" वाटीतल्या तीन स्क्रूंनी दाखवून झालंय. "प्रेमळ, हुशार, मनमिळाऊ" कोणत्याही नवरीला चालतं. "भिंत तिरकी आहे" फक्त मीराला चालतं.

गॅलरीचा किस्सा चौघींनाच कळतो म्हणालीस ना? तो त्या रात्री तुमच्या टेबलावर सांगा, चौघी मिळून.

सल्ले आणि चारोळी कापली म्हणून कुणी विचारणार नाही. "सांभाळून घ्या" तर आधी काढ. ते ऐकलं की लोक खरंच तू कुठे अडखळतेस ते बघत बसतात.

पावसाळी_मेघ

नमुन्यांच्या विनोदाबद्दल माझं ऐक. माझ्याच रिसेप्शनला माझ्या मित्राने माझा नोकरी नसतानाचा काळ रंगवून सांगितला. हेतू चांगला होता, "बघा कुठून कुठे आला" असं दाखवायचं होतं. लोक हसलेही. पण सासरच्या मंडळींना तो सगळा प्रकार तोवर माहीतच नव्हता, आणि हसण्याच्या आवाजात मी फक्त त्यांच्याकडे बघत होतो. मित्र अजूनही जवळचा आहे. त्या विषयावर आम्ही कधीच बोललेलो नाही.

जुनी प्रेमप्रकरणं, पैसा, नोकरी, दारू, तब्येत, यातलं काही मंचावरून नको. "नमुने" म्हणताना तुझ्या डोक्यात विनोद असेल, पण ओंकारच्या आजीच्या डोक्यात आकडा सुरू होईल.

उनाड_पक्षी

एवढं घाबरून बोलायचं तर मग टोस्ट कशाला, शुभेच्छापत्र द्या. थोडी थट्टा नको का?

वसुधा_क

थट्टा हवीच की. कपाटाची गोष्ट थट्टाच आहे. फरक इतकाच की त्यात मीरा जे उघड उघड करते त्याची थट्टा आहे, ती जे झाकून ठेवेल त्याची नाही. वाटी फळीवरच होती, आल्यागेल्याला दिसत होती.

विनोदाने सुरुवात करण्याबद्दल तुझं निम्मं बरोबर आहे, उनाडा. हसू लवकर यावं हे खरं. पण बाहेरून आणलेला विनोद पहिल्याच वाक्याला पडला तर उरलेला वेळ तो उचलण्यात जातो. गोष्टीतच हसू असलं तर ते पडलं तरी गोष्ट चालू राहते.

तिरपी_नजर

मला मात्र या गोष्टीत एक गोम दिसते. बाईने कपाट बिघडवलं आणि पुरुषाने पेचकस आणून दुरुस्त केलं. मीराला हे ऐकताना कसं वाटेल? पुढे जन्मभर "ओंकारने येऊन तुझं कपाट सरळ केलं" असं चिडवणार लोक. आणि लेखिकेने सांगितलेलंच नाही की स्क्रू कुणी घट्ट केले.

कोरा_कागद

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. खरं सांगू का, स्क्रू मीरानेच बसवले. ओंकारने शब्दकोश खाली उतरवले आणि दोन्ही हातांनी फळी धरून उभा राहिला. तिसरा स्क्रू बसेपर्यंत त्याचे हात थरथरायला लागले होते, पण तिने "अजून थोडं" म्हटलं की तो "हो" म्हणायचा. मला हा भाग किरकोळ वाटला म्हणून लिहिला नव्हता.

तिरपी_नजर

किरकोळ?! बाई, सगळं यातच आहे. पेचकस तिच्या हातात, फळी त्याच्या हातात. आता माझी तक्रार नाही.

वसुधा_क

तिरपी_नजर यांना १०० पैकी १००. शेवट तिथेच आहे. त्यानंतर "यालाच सहजीवन म्हणतात" असलं काही जोडू नकोस, लोकांना कळतं. फळी धरलेली दिसली की लगेच ग्लास.

आता लांबी. माईकवर सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द जातात, आणि हसण्याला थांबावं लागतं ते वेगळं. म्हणजे ३ मिनिटांच्या जागेत २०० ते २५० शब्दच लिही. मनातल्या मनात वाचून वेळ मोजू नकोस, तो नेहमी कमी निघतो. उभी राहून, मोठ्याने, घड्याळ लावून वाच.

आणि पाठांतराबद्दल: आख्खं पाठ केलं आणि मधलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं निसटतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ असू दे, कारण त्या दोन वेळी कागदाकडे नाही तर माणसांकडे बघायचं असतं. मधल्यासाठी हातात कार्ड ठेव. जाड कार्ड, पातळ कागद नको. हात जरासा थरथरला तरी पातळ कागद फडफडतो आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं. फोनवरून वाचू नकोस. नेमका तेव्हाच पडदा बंद होतो, नाहीतर कुणाचातरी निरोप येऊन मजकुरावर बसतो.

साउंडवाला_भाऊ

धागा उशिरा पाहिला. ताईंनी लिहिण्याचं सांगितलं, मी ऐकू येण्याचं सांगतो. चांगलं भाषण ऐकूच आलं नाही असं मी खूप वेळा बघितलंय.

हातातला माईक हनुवटीशी धरायचा, तोंडापासून दोन-तीन बोटांवर, थोडा तिरका. लोक सुरुवात बरोबर करतात, मग बोलता बोलता हात पोटापर्यंत उतरतो आणि आवाज गायब. दुसरं म्हणजे नवरीकडे वळून बोलताना मान वळते, माईक तिथेच राहतो. मान वळली की हातही वळला पाहिजे. आणि गायकांसारखी माईकची जाळी मुठीत पकडू नका. जाळी झाकली की माईक चारी बाजूंचा आवाज ओढायला लागतो आणि शिट्टी वाजते. शिट्टी वाजली तर लोक दचकून हाताने माईक झाकतात, त्याने ती आणखी वाढते. अशा वेळी स्पीकरच्या समोरून बाजूला व्हायचं, बाकी मी बघून घेतो.

चालू आहे का बघायला टकटक करू नका, फुंकू नका. सरळ "नमस्कार" म्हणा. माईकवरचं बटण दाबू नका, आम्ही आवाज आमच्याकडून बंद ठेवलेला असतो. बटण दाबून तुम्ही तो खरोखर बंद करता आणि मग आम्ही वायरी शोधत बसतो.

आता खरी गोम. एका हातात माईक, दुसऱ्या हातात कार्ड. ग्लास कुठल्या हातात?

कोरा_कागद

अरे देवा. हा विचारच केला नव्हता.

साउंडवाला_भाऊ

कुणीच करत नाही. मग कार्ड काखेत, नाहीतर माईक काखेत, आणि हॉलमध्ये घर्र घर्र. ग्लास आधीच जवळच्या टेबलावर ठेवायला सांगा. शेवटचं वाक्य पाठ आहेच, तर त्याच्या आधी कार्ड टेबलावर ठेवा, ग्लास उचला आणि मग बोला. उचलायला दोन सेकंद लागतात, तेवढ्यात लोकही आपापले ग्लास शोधतात. ते दोन सेकंद रिकामे वाटतात, पण हवेच असतात.

वसुधा_क

अगदी. आणि उठायच्या आधी सूत्रसंचालकाला एकच विचार: सगळ्यांच्या हाती ग्लास पोचलेत का? काहीही असो, पाणी, सरबत, फरक पडत नाही. पण निम्मा हॉल रिकाम्या हाताने बसला असेल तर तुझ्या शेवटच्या वाक्यावर लोक इकडेतिकडे बघत राहतील. छायाचित्रकारालाही तुझं शेवटचं वाक्य सांगून ठेव, म्हणजे तो वेळेवर तयार असेल.

शेवटचं वाक्य सूचनेसारखं स्पष्ट असू दे. "तर मग... असं मला वाटतं... धन्यवाद" म्हटलं की उठायचं की टाळ्या वाजवायच्या हे कुणालाच कळत नाही. नावं सगळ्यात शेवटी येऊ देत, म्हणजे लोक तीच नावं घेऊन साथ देतात.

निवृत्त_पण_व्यस्त

एक शंका. ज्यांच्यासाठी टोस्ट आहे त्यांनीही त्याच वेळी प्यायचं का? आमच्याकडे एका समारंभात नवरदेवाने सगळ्यांच्या आधी घोट घेतला, त्यावरून बरीच कुजबुज झाली.

वसुधा_क

काका, जुना शिष्टाचार असा की ज्यांच्यासाठी टोस्ट ते बसून राहतात आणि त्या वेळी पीत नाहीत. स्वतःच्याच कौतुकाला स्वतः टाळ्या वाजवल्यासारखं होतं ते. पण आता फारसं कुणी पाळत नाही. नवरदेवाला तहान लागली असेल!

कोरा_कागद

लिहिलं. उभी राहून वाचलं, थांबे धरून २ मिनिटं १० सेकंद.

"नमस्कार. मी मीराची शाळेपासूनची मैत्रीण. मला तुम्हाला एका कपाटाबद्दल सांगायचंय.

मीराने पुस्तकांचं एक कपाट स्वतः जोडलं. माहितीचा कागद न वाचता. कपाट उभं राहिलं आणि तीन स्क्रू उरले. मी म्हटलं, मीरा, हे स्क्रू? ती म्हणाली, जादा दिलेत. कपाट डावीकडे कललं होतं, म्हणून तिने सगळे शब्दकोश उजवीकडे रचले. स्क्रू एका वाटीत ठेवले. आणि पुढची दोन वर्षं, घरी येणाऱ्या प्रत्येकाला तिने ठामपणे सांगितलं की कपाट सरळ आहे, भिंत तिरकी आहे.

मग ओंकार घरी आला. त्याने कपाट पाहिलं. वाटी पाहिली. काहीही बोलला नाही. ओंकार, तेव्हाच मला वाटलं, हा मुलगा हुशार आहे. पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याच्या खिशात पेचकस होता. म्हणाला, भिंतीचं काही करता येत नाही, पण हे बघूया का?

आणि मीरा म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं काहीतरी राहिलंय. दोन वर्षं मी विचारत होते. मला नाही सांगितलं.

त्याने पेचकस तिच्या हातात दिला. शब्दकोश उतरवले आणि दोन्ही हातांनी फळी धरून उभा राहिला. ती म्हणायची, अजून थोडं. तो म्हणायचा, हो. तिसरा स्क्रू बसेपर्यंत त्याचे हात थरथरत होते, पण फळी हलली नाही.

(कार्ड खाली, ग्लास वर)

मंडळी, ग्लास उचलूया आणि माझ्याबरोबर म्हणूया: मीरा आणि ओंकार!"

उनाड_पक्षी

हे चांगलं झालंय, मान्य. "मला नाही सांगितलं" वर हॉल हसेल. तिथे थांब, घाईने पुढे जाऊ नकोस.

तिरपी_नजर

"हा मुलगा हुशार आहे" काढलं तरी चालेल असं माझं मत. तू परीक्षक झाल्यासारखी वाटतेस.

वसुधा_क

मी ठेवीन. पूर्ण टोस्टमध्ये ओंकारशी थेट बोललेलं ते एकच वाक्य आहे, तेव्हा त्याच्याकडे बघता येतं.

पावसाळी_मेघ

मीराला आधी दाखवणार का? मी तर म्हणेन दाखव. माझ्या मित्राने दाखवलं असतं तर मी एक ओळ काढायला सांगितली असती आणि विषय संपला असता.

उनाड_पक्षी

दाखवलं तर तिच्या चेहऱ्यावरची मजा गेली. काहीही.

वसुधा_क

आख्खं नको, नुसतं "कपाटाचं सांगू का?" एवढं विचार. ती "सांग" म्हणाली की पुरे. पण यात दुमत आहे, मी अनेकांना न विचारता छान बोलताना बघितलंय.

कोरा_कागद

विचारलं तर ती "भिंत तिरकीच होती" म्हणून वाद घालेल, मला तिची खात्री आहे. ओंकारला विचारते. साउंडवाले भाऊ, एक राहिलं: मी डावखुरी आहे, ग्लास कुठल्या बाजूला ठेवायला सांगू?

साउंडवाला_भाऊ

माईक उजव्या हातात घ्या, ग्लास डावीकडच्या टेबलावर. आणि स्पीकर कुठे आहेत ते हॉलमध्ये गेल्या गेल्या बघून ठेवा, त्यांच्या पुढे उभ्या राहू नका.